वीस आठवड्यांचा तळ तुटला तेव्हा

जून २०१४ मध्ये कच्च्या तेलाच्या बाजारात मंदीची भाषा करायला फारसे कोणी तयार नव्हते. इराकमधले मोसुल शहर आयसिसने ताब्यात घेतले होते. तेलविहिरी धोक्यात येतील या भीतीने न्यूयॉर्कच्या नायमेक्स बाजारात अमेरिकी तेलाचा भाव बॅरलला १०७ डॉलरवर पोहोचला. नंतरच्या सहा-सात आठवड्यांत भाव सावकाश उतरत गेला, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ९७ डॉलरच्या आसपास एक साधी घटना घडली. त्याआधीच्या वीस आठवड्यांत तेल ज्या सर्वांत खालच्या भावाला विकले गेले होते, त्याच्याही खाली ते गेले.

त्या दिवशी तेल स्वस्त होण्याचे ठोस कारण कोणी सांगू शकले नसते. ओपेकची उत्पादन न घटवण्याचा निर्णय घेणारी व्हिएन्नाची बैठक व्हायला अजून पावणेचार महिने होते. अमेरिकेतल्या शेल तेलाचा पुरवठा वाढत होता, पण तो आधीची दोन-तीन वर्षेही वाढतच होता. तरीही एका ठरावीक नियमाने व्यवहार करणाऱ्यांनी त्या आठवड्यात तेलाचे वायदे विकले, म्हणजे बाजाराच्या भाषेत ते शॉर्ट गेले. पुढच्या साडेपाच महिन्यांत भाव निम्म्याहूनही खाली आला.

हा नियम म्हणजे चॅनेल ब्रेकआउट. गेल्या अनेक आठवड्यांचा उच्चांक आणि नीचांक या दोन रेषांमध्ये भाव हिंडतो, तोपर्यंत काही करायचे नाही. वरची रेषा ओलांडली की खरेदी, खालची तुटली की विक्री. एवढ्यावर कोणाचे पोट भरत नाही, हेही खरे. या पद्धतीचा जीव दोन वेगळ्या जागी आहे: किती माल घ्यायचा आणि बाहेर केव्हा पडायचे. तेलाचा हा सौदा शेवटपर्यंत पाहिला की ते उलगडते.

या रेषांमागचे नाव रिचर्ड डॉन्शियन यांचे. १९०५ साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावात, आर्मेनियातून आलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९४९ मध्ये त्यांनी ‘फ्युचर्स इन्कॉर्पोरेटेड’ नावाचा फंड काढला. सामान्य गुंतवणूकदारांचे पैसे घेऊन वायदे बाजारात उतरणारा तो पहिला फंड समजला जातो. ‘चार आठवड्यांचा नियम’ ही त्यांची प्रसिद्ध रीत. भाव मागच्या चार आठवड्यांच्या उच्चांकावर गेला की घ्यायचे, चार आठवड्यांच्या नीचांकाखाली गेला की तो माल विकून शिवाय उलट बाजूने शॉर्ट जायचे. हिशेब कागद-पेन्सिलने होत असे. म्हणूनच कदाचित नियम इतका आटोपशीर राहिला.

चार आठवड्यांच्या रेषा भावाला चिकटून चालतात, त्यामुळे इशारे पुष्कळ मिळतात आणि त्यांतले बहुतेक फसवे निघतात. शिकागोच्या रिचर्ड डेनिसने १९८३ च्या अखेरीस वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन काही नवखे लोक निवडले आणि दोन आठवड्यांत त्यांना वायदे बाजाराचे नियम शिकवले. ‘टर्टल’ नावाने ओळखल्या गेलेल्या या मंडळींकडे दोन चौकटी होत्या, एक वीस दिवसांची आणि दुसरी पंचावन्न दिवसांची. व्यापार चांगला करणे शिकवता येते की ते उपजत असते, या डेनिस आणि त्याचा मित्र विल्यम एकहार्ट यांच्यातल्या वादातून हा प्रयोग निघाला होता. त्या शिष्यांतले काही पुढे स्वतःचे फंड काढून बसले आणि नियमांचा बराच भाग जगजाहीर झाला. चौकट जितकी लांब तितके इशारे कमी आणि प्रत्येकाला अवधी अधिक, असे सर्वसाधारण गणित आहे. वीस आठवडे म्हणजे बाजाराचे जवळपास शंभर दिवस. त्या चौकटीत एखाद्या वायद्यात वर्षाला दोन-तीन इशारे येतात. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर रेषा नव्याने काढल्या तरी चालते. नोकरी सांभाळून हे काम करणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे.

रेषा काढताना एक चूक हमखास होते. चालू आठवडा मोजणीत धरायचा नसतो. तो धरला तर भाव नीचांकाच्या खाली कधीच जाणार नाही, कारण नवा नीचांक लगेच रेषेतच सामावला जाईल. मागचे पूर्ण झालेले वीस आठवडे घ्यायचे, त्यांतला सर्वांत खालचा भाव काढायचा आणि चालू आठवड्याचा भाव त्याच्याशी ताडून पाहायचा.

आता प्रश्न, किती वायदे विकायचे? इथे बहुतेक नवखे लोक अडखळतात. कोणी खात्यात जितके मार्जिन बसेल तितके घेतो, कोणी प्रत्येक मालात एकच लॉट. दोन्ही पद्धतींत खात्याचे नशीब सर्वांत जास्त उसळणाऱ्या मालाच्या हाती जाते. नायमेक्सवर तेलाचा एक वायदा हजार बॅरलचा. भाव एका डॉलरने हलला की खाते हजार डॉलरने हलते. म्हणून आधी एका आठवड्यात भाव साधारण किती हलतो ते मोजायचे आणि त्यावरून नग ठरवायचे.

हे मोजमाप वेल्स वाइल्डर यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात दिले. आठवड्याचा उच्चांक वजा नीचांक एवढेच पाहिले तर सोमवारी भाव मोठ्या फरकाने उघडला तर तो फरक हिशेबातून निसटतो. म्हणून तीन अंतरे काढायची: या आठवड्याचा उच्चांक ते नीचांक, मागच्या आठवड्याचा बंद भाव ते या आठवड्याचा उच्चांक, आणि तोच बंद भाव ते या आठवड्याचा नीचांक. तिघांतले सर्वांत मोठे अंतर ही त्या आठवड्याची खरी झेप. अशा काही आठवड्यांच्या झेपांची सरासरी काढली की मिळणारा आकडा ‘एटीआर’ नावाने ओळखला जातो. टर्टल मंडळी रोजच्या झेपांची सरासरी काढून तिला नुसते ‘एन’ म्हणत. पुढे तेच अक्षर वापरू, फक्त झेप आठवड्याची धरू.

२०१४ च्या उन्हाळ्यात तेलाचा बाजार शांत होता. आठवड्याचा एन सुमारे ३ डॉलर धरायला हरकत नाही. खात्यात दहा लाख डॉलर आहेत आणि नियम असा की एका एनएवढी हालचाल झाली तर खात्याचा एक टक्का हलावा, म्हणजे दहा हजार डॉलर. एका वायद्यात एक एन म्हणजे तीन हजार डॉलर. दहा हजारांना तीन हजारांनी भागले की ३.३ येतात. अपूर्णांक नेहमी खाली सोडायचा, म्हणून तीन वायदे.

पहिला बचावही याच मापाने ठरतो. विक्री ९७ ला झाली, तर दोन एन वर, म्हणजे १०३ डॉलरला स्टॉपलॉस. तिथे भाव आला तर प्रत्येक वायद्यात सहा हजार आणि तिन्ही मिळून अठरा हजार डॉलर जातील. खात्याचे दोन टक्केही नाहीत. टक्क्यांचा आणि एनचा हा धागा एकदा जुळला की तेल असो, मका असो वा येन, प्रत्येक सौद्याचा धक्का खात्याला सारख्याच जोराने बसतो. म्हणून वेगवेगळे बाजार एका खात्यात नांदू शकतात.

विक्रीनंतर भाव १०३ ला परत गेला नाही. सप्टेंबरभर तो ९१ ते ९६ च्या दरम्यान रेंगाळला. ऑक्टोबरमध्ये पाय घसरू लागला. २७ नोव्हेंबरला ओपेकने उत्पादन घटवायचे नाही असे ठरवले आणि दुसऱ्या दिवशी नायमेक्सवर तेल एका झटक्यात सुमारे दहा टक्के पडून ६६ डॉलरवर बंद झाले.

त्या संध्याकाळी तीन वायद्यांवरचा कागदी नफा ९३ हजार डॉलर होता. हातात अशी रक्कम दिसली की ती घेऊन बाजूला होण्याचा मोह आवरणे फार कठीण. पण पद्धतीची बाहेर पडण्याची रेषा वेगळी असते. आत शिरताना वीस आठवडे पाहिले, बाहेर पडताना दहा आठवडे पाहायचे. विक्रीच्या सौद्यात मागच्या दहा पूर्ण आठवड्यांचा उच्चांक ही सुटकेची रेषा. भाव तिच्यावर गेला की सौदा उलगडायचा. दर शुक्रवारी एक जुना आठवडा गळतो आणि एक नवा आत येतो, त्यामुळे भाव पडत राहिला तर रेषा त्याच्यामागे उतरत येते. सुरुवातीला ती फार वर असते, तोवर दोन एनचा स्टॉपलॉस राखण करतो. रेषा त्या पातळीखाली आली की तीच राखण करू लागते.

नोव्हेंबरच्या अखेरीस ही रेषा कुठे होती? सुमारे ९५ डॉलरवर. भाव ६६ आणि सुटका ९५. मधले २९ डॉलर पूर्णपणे उघडे. सोमवारी एखाद्या बातमीने भाव उलटला असता तर ९३ हजारांतले जेमतेम सहा हजार हाती उरले असते. ही या पद्धतीची सर्वांत जीवघेणी जागा आहे. पुस्तकात वाचताना नियम सोपा वाटतो. स्वतःच्या खात्यात लाखभर डॉलरचा नफा असताना, तो जाऊ देण्याची तयारी ठेवून शुक्रवारी फक्त रेषा तपासायची आणि काहीही न करता उठायचे, याला वेगळ्या घडणीचा माणूस लागतो. ज्याला ते झेपत नाही त्याने आधीच कमी माल घ्यावा. वाटेत नियम बदलण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

भाव उलटला नाही. वर्षअखेरीला तेल ५३ च्या आसपास होते, जानेवारी २०१५ च्या शेवटच्या आठवड्यात ४४. रेषा तेव्हा सुमारे ७८ वर आली होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला भावाने उसळी घेतली आणि तो ५४ च्या थोडा वर जाऊन आला. मार्चच्या मध्यात पुन्हा ४३ च्या आसपास. तोपर्यंत डिसेंबरचे मोठे आकडे दहा आठवड्यांच्या चौकटीतून गळून गेले होते आणि रेषा फेब्रुवारीच्या त्या ५४ वर येऊन टेकली होती. एप्रिलच्या मध्यात भाव तिथून वर गेला आणि सौदा सुमारे साडेचोपन्न डॉलरला उलगडला.

साधारण साडेबेचाळीस डॉलरचा फरक, तीन हजार बॅरल: सव्वा लाखाहून थोडा अधिक नफा, खात्याच्या पावणेतेरा टक्के. आकडे गोळाबेरजेचे आहेत. नायमेक्सचा वायदा दर महिन्याला संपतो, म्हणून प्रत्यक्षात जुना वायदा उलगडून पुढच्या महिन्याचा विकावा लागतो. दोन वायद्यांच्या भावातला फरक कधी सौद्याच्या बाजूने असतो, कधी विरुद्ध. २०१५ च्या सुरुवातीला पुढच्या महिन्याचे तेल महाग होते, आणि विकणाऱ्याला त्याचा फायदाच होता.

तळ ४३ ला होता आणि सुटका साडेचोपन्नला, म्हणजे अकरा डॉलरहून अधिक परत दिले. ते वाचवता आले असते का? या एका सौद्यापुरते उत्तर होकारार्थी आहे. चार आठवड्यांच्या उच्चांकावर सुटका ठेवली असती तर फेब्रुवारीच्या उसळीतच ५१ च्या आसपास बाहेर पडता आले असते. दुसरी एक रीत चक लबो या अमेरिकी व्यापाऱ्याच्या नावाशी जोडलेली आहे. तीत सौद्यातल्या सर्वांत खालच्या भावापासून तीन एन वर रेषा ठेवतात. मार्चमध्ये एन पाच डॉलरच्या आसपास गेला होता, त्यामुळे ती रेषा ५७-५८ वर राहिली असती आणि सुटका एप्रिलच्या अखेरीस, अधिक महाग भावाला झाली असती. मात्र हीच रेषा नोव्हेंबरमध्ये दहा आठवड्यांच्या रेषेपेक्षा कितीतरी जवळ होती. एका सौद्यावरून कुठली रीत सरस हे ठरवणारा माणूस पुढच्या सौद्यात तोंडघशी पडतो. अरुंद चौकट नफा लवकर बांधते, पण मोठा कल चालू असतानाच मधल्या छोट्या उसळीत बाहेर फेकते आणि पुन्हा आत शिरायला नवा वीस आठवड्यांचा इशारा शोधावा लागतो. निवाडा करायचा तो अनेक बाजारांतल्या, अनेक वर्षांच्या सौद्यांवर.

सौदा सुटल्यानंतर याच तेलात पुढे जे झाले ते कथा सांगणारे सहसा गाळतात. पद्धत समजून घ्यायची तर ते पाहणे अधिक गरजेचे आहे.

मे २०१५ च्या पहिल्या आठवड्यात भाव ६० कडे गेला आणि वीस आठवड्यांचा उच्चांक ओलांडला. नियमाने आता खरेदी करायची. मात्र बाजार आता शांत नव्हता. एन पाच डॉलर, एका वायद्यात पाच हजार, म्हणून दहा हजारांत दोनच वायदे बसतात. हे आपोआप झाले, कोणाला सावधपणा आठवावा लागला नाही. पुढचे दोन महिने भाव ५७ ते ६१ च्या दरम्यान घुटमळत राहिला. जुलैच्या सुरुवातीला ग्रीसमधल्या सार्वमताच्या सुमारास तो कोसळला आणि दहा आठवड्यांचा नीचांक तुटून सुमारे ५६ ला सुटका झाली. दोन वायद्यांवर सात-आठ हजार डॉलर गेले.

ऑगस्टच्या सुरुवातीला उलटे झाले. भाव ४५ च्या आसपास वीस आठवड्यांच्या नीचांकाखाली गेला आणि पुन्हा दोन वायदे विकले गेले. २४ ऑगस्टला तेल ३८ च्या जवळ बंद झाले, सौदा चौदा हजारांनी नफ्यात. मग महिन्याच्या शेवटच्या तीन सत्रांत भाव सुमारे २७ टक्के उसळून ४९ वर गेला. ऑक्टोबरमध्ये दहा आठवड्यांचा उच्चांक ५० च्या जवळ ओलांडला गेला आणि दहा हजारांचा तोटा घेऊन बाहेर पडावे लागले.

एक मोठा नफा आणि दोन लहान तोटे, हा या पद्धतीचा नेहमीचा साचा. दहा सौद्यांतले सहा-सात तोट्यात जाणे इथे सामान्य आहे. दोन-तीन सौदे सगळ्यांचा खर्च भरून काढतात, आणि ते कोणते हे आत शिरताना कधीच कळत नाही. म्हणून तीन तोट्यांनंतर थकून चौथा इशारा सोडून देणे ही सर्वांत महागडी चूक. २०१४ च्या ऑगस्टमधला इशारा कोणी असा सोडला असेल, तर त्याच्या खात्यात फक्त तोटेच उरले. त्याआधीची काही वर्षे कल धरून चालणाऱ्या फंडांसाठी कोरडीच गेली होती. २००८ मध्ये शेअर बाजार कोसळत असताना त्यांनी चांगली कमाई केली. २०११ ते २०१३ मध्ये मात्र भाव कुठल्याच दिशेला टिकेनात आणि कंटाळलेले गुंतवणूकदार पैसे काढून घेत होते.

मग पद्धत नेहमीच्या कोरड्या काळातून चालली आहे की खरोखर बिघडली आहे, हे ओळखायचे कसे? अनुभवी माणूस प्रत्येक सौद्याचा निकाल रुपये-डॉलरमध्ये न लिहिता एनमध्ये लिहितो. तेलाची पहिली विक्री साडेबेचाळीस डॉलरची, एन तीनचा, म्हणजे चौदा एनचा नफा. मेमधला तोटा पाऊण एनचा, ऑगस्टमधला एका एनचा. वही अशी ठेवली की रोग दिसतो. तोटे एक-दोन एनच्या आत आहेत आणि फक्त मोठे नफे लांबले आहेत, तर तो बाजाराचा काळ. तोटे तीन-चार एनपर्यंत जाऊ लागले, तर स्टॉपलॉस पाळला जात नाही, किंवा तो लागतो तेव्हा प्रत्यक्ष सौदा फारच वाईट भावाला होतो, किंवा मालात उलाढाल इतकी कमी आहे की तिथे हा खेळ करूच नये. आणि नफे चार-पाच एनवरच तुटत असतील, तर व्यापारी रेषेची वाट न पाहता हात घालतो आहे, हे वही त्याच्या तोंडावर सांगते.

जुन्या भावांवर पद्धत तपासतानाची एक खूणही सांगायला हवी. वीस आठवड्यांची चौकट चांगली चालली, तर अठरा आणि बावीस आठवड्यांची चौकटही साधारण तशीच चालली पाहिजे. सतरा आठवडे उत्तम, पण सोळा आणि अठरा तोट्यात, असा निकाल आला तर तो आकडा इतिहासातल्या दोन-चार योगायोगांवर बेतलेला आहे. संगणकाकडून शंभर चौकटी तपासून त्यांतली सर्वोत्तम उचलणारे बरेच जण इथेच फसतात. चाचणीत वायदा बदलण्याचा खर्च, दलाली आणि कर धरला नसेल तर निकाल आणखी गोड दिसतो.

मुंबईत मुख्यालय असलेल्या एमसीएक्सवर हेच तेल रुपयांत चालते. तिथला मूळ वायदा शंभर बॅरलचा. २०१४ च्या ऑगस्टमधल्या तीन डॉलरच्या एनचे तेव्हाच्या विनिमय दराने बॅरलमागे सुमारे १८० रुपये होतात, लॉटमागे अठरा हजार. एक टक्क्याचा नियम पाळायचा तर एका लॉटसाठी अठरा लाखांचे खाते हवे. दोन-तीन लाखांवर हाच लॉट घेणारा माणूस पद्धत चालवत नसतो. एका एनला त्याच्या खात्याचे सहा ते नऊ टक्के हलतात आणि दोन एनचे चार-पाच तोटे त्याला पुरते संपवू शकतात. लहान खात्याने लहान वायदा शोधावा. तो नसेल तर तो बाजार सोडावा.

स्टॉपलॉस ही हमी नसते, याचा सर्वांत कठोर धडाही याच बाजाराने दिला. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे एमसीएक्सचे कामकाज संध्याकाळी पाचलाच थांबत होते. २० एप्रिलला एप्रिलच्या वायद्याचा शेवटचा दिवस होता. मुंबईचा बाजार बंद झाल्यानंतर, त्याच रात्री नायमेक्सवर मे महिन्याचा वायदा शून्याखाली घसरला आणि उणे ३७.६३ डॉलरवर ठरला. एमसीएक्सने आपला वायदा उणे २,८८४ रुपयांना मिटवला. खरेदी करून बसलेल्यांना एका लॉटमागे दिलेली सगळी किंमत तर गमवावी लागलीच, वर २ लाख ८८ हजार ४०० रुपये भरावे लागले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. जिथे सौदाच होत नाही तिथे रेषा काही करू शकत नाही. वायदा संपायच्या दिवसापर्यंत न थांबणे, काही दिवस आधीच पुढच्या महिन्यात सरकणे, हा नियम पद्धतीतल्या इतर कुठल्याही आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

आणखी एक मर्यादा नकळत अंगावर येते. २०१४ च्या शरदात अमेरिकी तेल, ब्रेंट तेल आणि हीटिंग ऑइल एकामागून एक खाली तुटत गेले. तेलावर जगणाऱ्या देशांची चलनेही पडत होती. प्रत्येकात नियमाप्रमाणे एक टक्का घेतला, तर कागदावर पाच वेगळे सौदे दिसतात, पण पैज एकच असते: तेल आणखी उतरेल. तेल उलटले की पाचही सौदे एकाच दिवशी उलटतात. टर्टल मंडळींच्या नियमांत याला लगाम होता. एक एकक म्हणजे एका एनला एक टक्का हलेल एवढा माल. एका बाजारात जास्तीत जास्त चार एकके, एकमेकांना घट्ट बांधलेल्या बाजारांत मिळून सहा, आणि एकाच दिशेला सगळ्या बाजारांत मिळून बारा.

तरीही वाईट काळ येतोच. खुद्द डेनिसच्या हाताखालच्या फंडांनी १९८८ मध्ये जवळजवळ निम्मे पैसे गमावले आणि तो त्या धंद्यातून बाहेर पडला. टर्टल मंडळींना त्याने शिकवलेला एक नियम अशाच दिवसांसाठी होता: खाते दहा टक्के घटले की हिशेबाला ते वीस टक्के घटले असे धरायचे. दहा लाखांचे नऊ लाख झाले, तर नग काढताना आठ लाख धरायचे. एक टक्का आता आठ हजार डॉलरचा. २०१५ मधल्या पाच डॉलरच्या एनला त्यात १.६ वायदे बसतात, अपूर्णांक सोडला की एक. दोन वायद्यांचा माणूस तेलाच्या पुढच्या इशाऱ्याला एकाच वायद्याने आत जातो. हिशेबाचा आकडा आठ लाखांवर राहतो तो वर्षाच्या सुरुवातीची रक्कम भरून येईपर्यंत.